बटाट्याने शून्याची रेषा कुठे कापली

माझी मैत्रीण टायफॉइडने आडवी झाली ती नेमकी एस.वाय.च्या दुसऱ्या टर्ममध्ये, आणि आमच्या बॉटनीच्या सरांच्या हिशेबात टायफॉइड नावाचा रोगच नव्हता. जर्नल पूर्ण म्हणजे पूर्ण. एक जरी प्रॅक्टिकल कमी असलं तर सर जर्नल सर्टिफाय करत नसत, आणि सर्टिफाय न झालेलं जर्नल घेऊन परीक्षेला कुणी उभं करत नसे. ती उठून बसायला लागली तशी एकेक प्रॅक्टिकल भरून काढत आली. शेवटी एकच उरलं, बटाट्याचं ऑस्मोसिस. आणि टर्म संपायला उरला होता जेमतेम आठवडा.

तिचं वर्ष जाणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. माझं वर्ष गेलं असतं तर आईने दोन दिवस भांडी आपटली असती आणि तिसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं असतं. तिच्याकडे तसं नव्हतं. वडील गेल्यापासून घर तिच्या दादावर होतं. तो अंधेरीला एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात मशीनवर होता आणि जोगेश्वरीला बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांत आई, ती आणि तो राहत. त्याने तिला सरळ सांगितलं होतं, "तू पास होत राहशील तोवर मी ओढतो. एक वर्ष वाया गेलं तर माझ्याच्यानं नाही होणार." त्याच्या कारखान्यात पॅकिंगला एका मुलीची जागा होती. सुपरवायझरला त्याने शनिवारी संध्याकाळी हो की नाही ते सांगतो म्हणून शब्द दिला होता. दादा वाईट नव्हता हो. उलट तो तिच्याशी इतका नीट बोलायचा की मला माझ्या भावाचा राग यायचा. पण आपल्या हातात किती आहे ते त्याला माहीत होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

शनिवारीच दुपारपर्यंत जर्नल सरांच्या टेबलावर हवं होतं. सगळं एकाच दिवसावर येऊन बसलं होतं.

बुधवारी आम्ही दोघी लॅबमध्ये शिरलो. माझं हे प्रॅक्टिकल आधीच झालं होतं, पण एकटीने ते उरकत नाही म्हणून मी तिच्याबरोबर. प्रयोग तसा सोपा. बटाट्यात कॉर्क बोअरर घुसवून एकाच जाडीच्या कांड्या काढायच्या, ब्लेडने चार-चार सेंटिमीटर लांबीच्या कापायच्या. प्रत्येकीचं वजन करायचं. साखरेची द्रावणं करून ठेवायची: एक साधं पाणी, मग ०.१ मोलर, ०.२, असं करत ०.६ पर्यंत. प्रत्येकात एक कांडी रात्रभर. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून, टिपकागदाने टिपून परत वजन. साध्या पाण्यात बटाटा पाणी पितो आणि जड होतो. दाट साखरेत त्याच्यातलं पाणी बाहेर येतं आणि तो लुळा पडतो, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसं. या दोघांच्या मध्ये कुठेतरी असं एक द्रावण असतं की बटाटा ना घेतो ना सोडतो. त्याचं नाव आयसोटॉनिक. प्रयोगाचा सगळा जीव त्या एका आकड्यात.

आणि तो आकडा आमच्या कॉलेजात सगळ्यांना आधीपासून पाठ होता. ०.३. सीनियर मुलं सांगायची, "काहीही कर, ग्राफ पॉइंट थ्रीला कापला पाहिजे." सरांनाही हे कळत होतं. आमच्या बॅचची जर्नलं तपासताना ते म्हणाले होते, "तुमच्या सगळ्यांचे बटाटे एकाच वेलीचे दिसतात." सर पुण्याचे. मुलांनासुद्धा अहो-जाहो करायचे, आणि त्यांनी अहो म्हटलं की समजायचं, जर्नल परत येणार. आमच्या बॅचनंतर त्यांनी नवा नियम काढला होता: वजनं झाली की कच्चा कागद त्यांच्यासमोर ठेवायचा, ते तिथल्या तिथे सही करणार. नंतर आकड्याला हात लावायचा नाही.

तर बुधवारी आम्ही कांड्या काढल्या, छान एकसारख्या. ती सकाळी घरचा सगळा स्वयंपाक करून कॉलेजला यायची, तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. आता वजनं. लॅबमध्ये काटे बरेच होते, पण धड चालणारा एकच. बाकीच्यांचं काही ना काही गायब, नाहीतर पारडं एकीकडे कललेलं. आणि नेमकी एफ.वाय.ची बॅच आत आली, सगळी पोरं त्या एका काट्यावर तुटून पडली. मी भांडले. "आमचं आज शेवटचं आहे रे, जरा सरका!" कोण ऐकतोय! त्यांनाही सर होतेच.

आम्ही रांगेत. बराच वेळ. चहाची बेल झाली तेव्हा कुठे काटा मोकळा झाला. मग आम्ही भराभर कांड्या टिपल्या, वजनं केली, द्रावणांत टाकल्या, बशा झाकल्या आणि घरी गेलो. झकास झालं म्हणून मी स्टेशनबाहेर तिला उसाचा रससुद्धा पाजला. टायफॉइडनंतर तिला तो चालत होता की नाही, हे मी विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी दुसरी वजनं झाली. सरांनी कच्च्या कागदावर लाल शाईने सही ठोकली आणि म्हणाले, "निष्कर्ष चुकला तर प्रयोग पुन्हा. आणि पुन्हा करायला वेळ नाही. उद्यापासून लॅब परीक्षेच्या मांडामांडीसाठी बंद. तेव्हा काय ते तुम्हीच पाहा."

"हो सर," ती म्हणाली. मी मनातल्या मनात त्यांना जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

दुपारी आम्ही तिच्या घरी जमिनीवर बसून आकडे काढायला लागलो. नुसता वजनातला फरक बघून चालत नाही, कारण कांड्या कितीही सारख्या कापल्या तरी एखादी थोडी जड असतेच. म्हणून फरकाला सुरुवातीच्या वजनाने भागायचं आणि शंभरने गुणायचं. साध्या पाण्यातली कांडी २.५० ग्रॅमची २.६४ झाली होती. फरक ०.१४, म्हणजे ५.६ टक्के वाढ.

"पाच?" मी म्हणाले. "माझ्या वेळी चौदाच्या आसपास होती."

"तुझा बटाटा वेगळा असेल."

०.१ मध्ये २.३० ची २.३२. जेमतेम ०.९ टक्के. आणि ०.२ मध्ये २.७० ची २.६०, म्हणजे उणे ३.७! ०.२ मध्येच बटाटा आटायला लागला होता. पुढे तर विचारूच नका, ०.३ ला उणे आठ, ०.४ ला उणे चौदा, शेवटी उणे चोवीस. ग्राफपेपरवर तिने ठिपके दिले, त्यातून रेघ ओढली. रेघेने शून्याची रेषा, म्हणजे वजन ना वाढलं ना घटलं ती जागा, कापली ०.१२ ला.

०.१२! पार वाट लागली.

"पेन्सिल जरा वर सरकव," मी म्हणाले.

"ठिपके कुठे सरकवू? वजनांवर सही आहे."

"मग द्रावणं चुकली असं लिही. साखर जास्त पडली म्हणावं."

"साखर मी स्वतः मोजली होती. सगळ्यांत पडली का जास्त? आणि साध्या पाण्यात कुठून पडेल? तिथे पण कमीच वाढलाय ना?" ती ग्राफकडे बघत म्हणाली, "बघ ना, सगळेच ठिपके खाली गेलेत. रेघेचा आकार बरोबर आहे. अख्खी रेघ खाली बसलीय."

मला तिचा असा राग आला होता! इथे वर्ष चाललंय आणि ही बाई रेघेच्या आकाराचं कौतुक करत बसलीय. "मग तू पॅकिंगला जा आणि तिथे खोक्यांचे आकार बघ," असं मी फाडकन बोलून गेले. तिची आई चहा घेऊन आली, आमची तोंडं बघितली आणि कप ठेवून तशीच आत गेली.

चहा संपला तरी ती ग्राफ सोडेना. मग ती एकदम म्हणाली, "अगं, मी त्या पाण्यात टाकल्या होत्या."

"काय?"

"कांड्या. काट्याची रांग होती तेव्हा. काळ्या पडायला लागल्या होत्या म्हणून मी बीकरमध्ये पाणी घेऊन त्यात टाकल्या."

मला आठवलं. मी तिच्या शेजारीच उभी होते आणि मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. वाटणार कसं? चिरलेला बटाटा पाण्यात टाकायचा असतो, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवतसुद्धा नाही. चतुर्थीला काचऱ्या करायच्या असोत की मंगळवारची भाजी, विळीवरून फोड थेट पातेल्यातल्या पाण्यात. मुंबईतल्या कुठल्याही मुलीने तेच केलं असतं. मुलग्याने नसतं केलं. त्याचा बटाटा काळा पडला असता आणि रीडिंग बरोबर आलं असतं!

"म्हणजे वजन करायच्या आधीच ते पाणी पिऊन बसले होते," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "त्यांचं पोट भरल्यावर मी वजन केलं आणि त्यालाच सुरुवात धरलं. मग रात्री ते आणखी किती पिणार? आणि बाहेर टाकायला मात्र जास्त होतं. म्हणून सगळी रेघ खाली."

कारण सापडलं याचा आनंद किती टिकला म्हणता? मी विचारलं, "बरं मग? सरांना सांगणार, सर, मी मूर्खपणा केला, सर्टिफाय करा?" आणि तो आनंद गेला.

पण ती विचारच करत होती. ती म्हणाली, पाण्यात असताना कांड्या किती टक्क्यांनी फुगल्या ते जर कळलं, तर मूळचं कोरडं वजन मागे जाऊन काढता येईल. बटाटे त्याच पिशवीतले घरी शिल्लक होते. कॉर्क बोअरर माझ्या ॲप्रनच्या खिशात तसाच राहिला होता, मी चोरला नव्हता. एफ.वाय.ची बॅच आत आली तेव्हा कांड्या पाण्यात पडल्या, चहाच्या बेलला बाहेर आल्या, म्हणजे वेळही कळत होता, साधारण तासाभराचा. फक्त काटा नव्हता. लॅब बंद. वाण्याच्या काट्यावर अडीच ग्रॅमचा बटाटा म्हणजे हवाच.

"सोनारकाका!" मी ओरडले.

आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक सोनार राहायचे, बाजारात त्यांची पेढी होती. मला लहानपणापासून ओळखणारे, आणि तरीही मला घाबरणारे. शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आम्ही दोघी हजर. पिशवीत बटाटे, बोअरर, ब्लेड, टिपकागद आणि स्टीलचा डबा.

"काका, जरा तुमच्या काट्यावर वजन करायचंय."

"कर की. काय मोडायला आणलंस?"

मी बटाटा वर धरला.

काकांनी आधी बटाट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे, कुणी बघतंय का म्हणून. "गो, हा सोन्याचा काटा आहे."

"म्हणून तर आलो."

"आज बटाटे, उद्या कांदे आणशील. दुकानाला लोक नावं ठेवतील." पण बोलता बोलता त्यांनी काचेची पेटी पुढे ओढली, पारड्यावर बटरपेपरचा तुकडा टाकला आणि दुसऱ्या पारड्यात तेवढाच तुकडा टाकून काटा सरळ केला. मग हात पुसून म्हणाले, "दे. पण चिकट हात लावू नको."

मैत्रिणीने तिथेच गल्ल्याच्या बाजूला बसून तीन कांड्या काढल्या, तशाच चार सेंटिमीटरच्या. एकेक टिपून त्यांच्याकडे दिली. काकांनी चिमट्याने वजनं लावली: २.५०, २.६०, २.४०. मग डब्यात पाणी घेऊन तिने त्या टाकल्या आणि आम्ही बाकड्यावर बसलो. मंगळसूत्राचे मणी बदलायला एक बाई आल्या होत्या. त्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "उपवासाचं का?" मी म्हणाले, "नाही, बीएस्सीचं."

तास काही केल्या सरेना. काकांनी चहा मागवला, आणि मग स्वतःच दर थोड्या वेळाने डब्यात डोकावायला लागले. "फुगले का गं?" मी म्हणाले, "काका, पुरणपोळी आहे का ती फुगायला?" मैत्रीण मात्र घड्याळ सोडून कशाकडेही बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा सुपरवायझरला काय सांगणार, ते त्या डब्यातल्या पाण्यात ठरत होतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

वेळ झाली. तिने कांड्या बाहेर काढून टिपल्या. काकांनी तोल केला. २.७०. २.८२. २.५८. तिने तिथल्या तिथे कागदावर भागाकार केले. आठ टक्के, साडेआठ, साडेसात. सरासरी आठ.

"आठ," ती म्हणाली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"चांगलं की वाईट?" काकांनी विचारलं.

"अजून माहीत नाही हो," मी म्हणाले, आणि मला कधी नव्हे ते रडू आलं.

घरी माझ्या टेबलावर तिने पुन्हा सगळं मांडलं. कांडी आधी आठ टक्के फुगली असेल तर २.५० चं मूळ वजन २.५० भागिले १.०८, म्हणजे साधारण २.३१५. शेवटी ती २.६४ झाली. मूळ वजनाच्या हिशेबाने वाढ चौदा टक्के! मी टेबलावर थाप मारली. माझी आई आतून म्हणाली, "गो, भूकंप झालो काय?" पुढचे आकडे मी वाचून दाखवायचे आणि तिने भागायचे. ०.१ ला अधिक नऊ. ०.२ ला अधिक चार. ०.३ ला उणे एक. मग उणे सात, उणे तेरा, उणे अठरा. नव्या ठिपक्यांतून तिने रेघ ओढली. रेघ ०.२ च्या पुढे जाऊन शून्याला भेटली. ०.२८.

"बस! संपलं!" मी म्हणाले. "आता पहिला ग्राफ फाडून टाक. सरांना हाच दाखव."

"पहिला राहणार."

"का?"

"ते माझं रीडिंग आहे ना. त्यावर त्यांची सही आहे, आणि ते खरं आहे. फुगलेल्या बटाट्याचं खरं आहे." मग ती जर्नल उघडून बसली आणि आम्ही दोघी एका भलत्याच ठिकाणी अडकलो. जर्नल इंग्रजीत. एम म्हणजे उद्देश, मग रिक्वायरमेंट्स, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट, सगळी ठरलेली वाक्यं. चुकीसाठी ठरलेलं वाक्यच नव्हतं. दोघी मराठी मीडियमच्या. मी पुस्तकी थाटाचं लांबलचक वाक्य सुचवलं, त्यात कोणी काय केलं तेच कळेना. ती म्हणाली, नको, आणि तिने लिहिलं की वजन करण्यापूर्वी काट्यासाठी थांबताना मी कांड्या सुमारे एक तास पाण्यात ठेवल्या, त्यामुळे सुरुवातीचं वजन जास्त आलं. खाली सोनाराच्या काट्यावरची तीन वजनं. "सोनाराच्या काट्यावर" हेसुद्धा लिहिलं. मी डोक्याला हात लावला. त्याखाली दुसरा तक्ता, दुसरी रेघ, आणि शेवटची ओळ: प्रत्यक्ष रीडिंगवरून ०.१२, दुरुस्तीनंतर अंदाजे ०.२८, दुरुस्ती करताना रात्रभरात कांड्या द्रावणाशी स्थिर झाल्या असं धरलं आहे.

शनिवारी सर स्टाफरूममध्ये एकटे होते. मी दारातच थांबले, पण ऐकू सगळं येत होतं. सरांनी पानं उलटली. पहिला ग्राफ बघितला. मग वाचत राहिले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

"कांड्या पाण्यात कशाला टाकल्यात?"

"काळ्या पडतात, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडेही टाकतात," ते म्हणाले. मग परत चष्मा लावून, "पण ही दुरुस्ती कोणत्या आधारावर? चुकलेल्या प्रयोगात आठ टक्के मिसळून हवा तो आकडा काढायचा, हे तर कुणीही करील."

मी दाराची चौकट धरली. ती मात्र नीट उभी होती. "सर, शेवटचं वजन चुकलेलं नाही," ती म्हणाली. "कांडी रात्रभर त्या द्रावणात होती. ती आधी थोडी फुगलेली असो की नसो, शेवटी ती त्या द्रावणात जेवढी राहायची तेवढीच राहणार. जास्तीचं पाणी ती टाकून देणार. चुकलं ते फक्त सुरुवातीचं वजन. म्हणून मी तेवढंच बदललं. आणि आठ टक्के मी ठरवले नाहीत, सर, मोजले. आकडा कितीही आला असता तरी तोच घेतला असता."

"रात्रभरात कांडी अगदी स्थिर झालीच असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही, सर. तसं धरलंय. शेवटच्या ओळीत लिहिलंय. म्हणूनच अंदाजे म्हटलंय."

सरांनी शेवटची ओळ परत वाचली. खूप वेळ लावला, किंवा मला तसं वाटलं. मग त्यांनी जर्नल पहिल्या पानावर उघडलं, सर्टिफिकेटच्या जागी सही केली, शिक्का मारला आणि त्यावर फुंकर घातली. "हे पुढच्या वर्षी एफ.वाय.ला दाखवायला मला हवंय," ते म्हणाले. "परीक्षा झाली की आणून द्या. आणि काटा रिकामा नसेल तर बटाटा कापू नका, एवढं ध्यानात ठेवा."

बाहेर जिन्यात मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा श्वास अडकला. ती हसत होती आणि रडत होती. मी ओरडत होते, "सुटलीस गं, सुटलीस!" एफ.वाय.ची दोन पोरं दचकून भिंतीला चिकटली. मग ती एकदम म्हणाली, "दादा!" आणि आम्ही पळत सुटलो.

एमआयडीसीत गेटपाशी पोचलो तेव्हा त्याची पाळी नुकतीच सुटत होती. तो निळ्या शर्टात, हातात डबा. आम्हाला दोघींना धापा टाकताना बघून त्याचा चेहरा उतरला. तिने जर्नल उघडून शिक्का दाखवला. त्याने हात पँटला पुसले, मग त्या शिक्क्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"थांबा जरा," तो म्हणाला, आणि परत गेटच्या आत गेला. आम्ही उन्हात उभ्या. थोड्या वेळाने तो आला. "सांगून आलो," तो म्हणाला. "जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं."

तिने जर्नल मिटून छातीशी धरलं. आम्ही तिघं जोगेश्वरीच्या दिशेने चालायला लागलो. मग त्याने विचारलं, "ते आहे काय नेमकं? ऑस्मोसिस?"

"काही नाही रे, बटाटा पाण्यात ठेवायचा आणि बघायचं."

"असं नको," तो म्हणाला. "दहावीला सायन्समध्ये मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते."

"माहीत आहे, दादा."

"मग नीट सांग. पहिल्यापासून."

तिने जर्नल उघडलं आणि चालता चालता पहिल्यापासून सांगायला लागली.